प्रोसेसर सोडून बोला: गेमरचा पहिला फोन

मोबाइलच्या दुकानात ‘गेमिंगसाठी फोन दाखवा’ म्हटलं, की काउंटरवरचा मुलगा आधी प्रोसेसरचं नाव सांगतो आणि लगेच अँटुटूचा आकडा. आकडा लाखांत असतो, त्यामुळे ऐकणाऱ्यावर छाप पडते. पण तो मिळतो फोन थंड असताना, काही मिनिटांच्या चाचणीत. गेम खेळणारा पोरगा खेळतो दीड तास, मे महिन्यात, पंख्याखाली आणि बहुतेक वेळा चार्जर लावून. शिवाय मधल्या किमतीच्या जवळपास कुठल्याही नव्या फोनवर आज बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स किंवा क्लॅश ऑफ क्लॅन्स चालतात. चालतात का, हा प्रश्न मागे पडला आहे. कसे चालतात आणि किती वेळ तसेच चालतात, ते बघायचं.

म्हणून हा लेख प्रोसेसर बाजूला ठेवून. पहिला स्मार्टफोन घेणाऱ्या, मुख्यतः बीजीएमआयसारखा शूटिंगचा गेम खेळणाऱ्या मुलासमोर दोन वाटा असतात, अँड्रॉइड आणि आयफोनमधलं आयओएस. या दोन ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या खेळात नेमका काय फरक करतात, ते सांगतो.

बोटाने पडद्याला हात लावल्यापासून गोळी सुटलेली दिसेपर्यंत मध्ये बरीच मंडळी असतात. पडद्याखालचा टच सेन्सर, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग गेम, मग ग्राफिक्सची चिप आणि शेवटी पुन्हा पडदा. आयफोनमध्ये गेम सोडून हे सगळं एकाच कंपनीने ठरवलेलं असतं. अँड्रॉइडमध्ये मूळ सिस्टिम गुगलची, तिच्यावरचा थर फोन बनवणाऱ्याचा, चिप तिसऱ्याची, सेन्सर चौथ्याचे. त्यामुळे आयफोनमध्ये ठेवलेले पर्याय कमी, पण जे आहे ते सगळ्यांच्या हातात सारखं. अँड्रॉइडमध्ये पर्याय भरपूर, पण एकाच किमतीचे दोन फोन खेळताना अगदी वेगळे वागू शकतात. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

सुरुवात फ्रेमपासून करू. गेमचं चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने काढलं जातं, तो फ्रेम रेट. ६० असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र, ९० ला ११.१ आणि १२० ला ८.३ मिलिसेकंदांनी. पाच मिलिसेकंदांनी कोणाचा जीव वाचत नाही, हे खरं. पण आडवा पळणारा शत्रू ९० फ्रेमवर सलग पळताना दिसतो आणि त्याच्यावर नेम धरून ठेवणं सोपं जातं. एकदा ९० वर सवय झाली की ६० वर परत येताना पडदा जड झाल्यासारखा वाटतो.

आता गोची अशी, की पडद्याचा हर्ट्झ आणि गेमचा फ्रेम रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यावर १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं ते पडद्याचं. गेममध्ये किती फ्रेम मिळतील हे गेमची कंपनी ठरवते, आणि अँड्रॉइडवर ती ते मॉडेलनिहाय ठरवते. कारण उघड आहे. अँड्रॉइडचे हजारो मॉडेल, त्यांत अॅड्रेनो आणि माली अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या ग्राफिक्स चिप, त्यांचे वेगवेगळ्या आवृत्त्यांचे ड्रायव्हर. सगळ्यांवर ९० फ्रेम खुले केले तर निम्म्या फोनवर चित्र अडखळेल आणि शिव्या गेमला पडतील. म्हणून ठरावीक मॉडेलनाच वरचा पर्याय दिला जातो. परिणाम असा, की १२० हर्ट्झचा चकचकीत फोन घरी आणावा, बीजीएमआयच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये Smooth निवडावं आणि फ्रेम रेटची पट्टी Extreme वर, म्हणजे ६० वरच संपलेली दिसावी. पडदा तयार आहे, चिपही बहुधा तयार आहे, पण परवानगी नाही. पुढच्या अपडेटमध्ये ती मिळेलही. त्या भरवशावर फोन घेऊ नये.

आयफोनमध्ये गोंधळ कमी, पण एक भिंत आहे. १३ प्रो पासून पुढच्या प्रो मॉडेलमध्ये १२० हर्ट्झचा पडदा आहे. साधे आयफोन मात्र ११ पासून थेट १६ पर्यंत ६० हर्ट्झवरच राहिले. साध्या मॉडेलला १२० हर्ट्झ मिळाला तो २०२५ च्या आयफोन १७ मध्ये. म्हणजे आयफोन १५ ची चिप कितीही दमदार असली, तरी त्याच्या पडद्यावर ६० च्या वर काही दिसणार नाही. हे सांगितलं की आयफोनप्रेमी मुलं नाराज होतात, पण त्याला इलाज नाही.

तरीही मी एक बाजू घेईन. स्थिर ६० हे हेलकावणाऱ्या ९० पेक्षा बरे. घरात चार जणांशी गोळीबार चालू असताना ९० चे ५२ झाले, तर तो झटका हाताला लागतो आणि नेम जातो. आयफोनवर ६० फ्रेम सहसा ६० च राहतात. अँड्रॉइडवर हे तपासायची सोय मात्र जास्त चांगली आहे. बऱ्याच कंपन्यांच्या गेम पॅनेलमध्ये फ्रेम दाखवणारा छोटा आकडा चालू करता येतो. नाहीतर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Show refresh rate असतं. पण ते पडद्याचा वेग दाखवतं, गेमचा नाही, हे लक्षात ठेवावं. आयफोनवर असा आकडा सामान्य वापरणाऱ्याच्या हाताशी नाही. तिथे डोळ्यांवरच विसंबावं लागतं.

फ्रेमबद्दल सगळेच बोलतात. जायरोबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या मते बीजीएमआय खेळणाऱ्याने फोनमध्ये सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच. जायरोस्कोप म्हणजे फोन किती वेगाने आणि कोणत्या बाजूला वळतोय ते मोजणारा सेन्सर. आपल्याकडचे बरेच खेळाडू बंदुकीचा झटका अंगठ्याने नाही, फोन तिरपा करून आवरतात. सिक्स एक्स स्कोप लावून गोळ्यांची सर झाडताना मनगट किंचित खाली झुकवलं की नेम जागेवर राहतो. ते कौशल्य अंगी यायला महिने जातात आणि ते सगळं या एका सेन्सरवर उभं असतं.

आयफोनमध्ये खरा जायरोस्कोप २०१० च्या आयफोन ४ पासून आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये मात्र तो कधी नसतोच, आणि कधी त्याच्या जागी आभासी जायरो असतो. आभासी म्हणजे वेगळा सेन्सर न बसवता अॅक्सेलरोमीटर आणि होकायंत्राचा सेन्सर यांच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअरने हिशेब करून ‘फोन इतका वळला असावा’ असं सांगायचं. फोन आडवा केल्यावर व्हिडिओ आडवा होणं, नकाशातला बाण फिरणं, एवढ्याला तो पुरतो. नेमबाजीला पुरत नाही. हिशेब करण्यात वेळ जातो, म्हणून नेम मनगटाच्या मागून येतो. होकायंत्राचा सेन्सर आजूबाजूच्या चुंबकाने बिथरतो, म्हणून चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर लावलं की नेम आपोआप सरकायला लागतो. पोराला वाटतं आपला हात बसला नाही. हात बसलेला असतो, फोन फसवत असतो.

ओळखायचं कसं? सेन्सरची यादी दाखवणारं कुठलंही मोफत अॅप टाकावं आणि जायरोस्कोपच्या ओळीतलं नाव वाचावं. तिथे virtual किंवा pseudo असा शब्द दिसला तर फोन परत ठेवावा. शब्द दिसला नाही तरी एक चाचणी करावी: गेमच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जायरो Always On करून मोठा स्कोप लावायचा, फोन सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचा आणि मध्येच थांबवायचा. खरा जायरो असेल तर नेम हाताबरोबर थांबतो. आभासी असेल तर तो थोडा पुढे वाहत जातो, किंवा थांबल्यावरही थरथरतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. यूट्यूबवर नामवंत खेळाडू आपले सेन्सिटिव्हिटीचे आकडे देतात आणि मुलं ते जसेच्या तसे भरतात. त्या खेळाडूकडे ज्या मॉडेलचा आयफोन आहे तोच आपल्याकडे असेल, तर ते आकडे बऱ्यापैकी लागू पडतात, कारण सेन्सर आणि पडदा दोन्ही तेच. अँड्रॉइडवर एका फोनचे आकडे दुसऱ्या फोनला लागू पडतीलच असं नाही. स्वतःचे स्वतः बसवावे लागतात. स्पर्धा खेळणाऱ्यांत आयफोनचं वेड दिसतं त्याचं एक कारण हे सारखेपण आहे.

बोटांची गंमत तर त्याहून बारीक आहे. दोन अंगठ्यांनी खेळणारा हळूहळू तीन बोटांवर जातो, मग चार. डावी तर्जनी फायरवर, उजवी स्कोपवर, दोन्ही अंगठे चालण्या-वळण्यावर. याला ‘फोर फिंगर क्लॉ’ म्हणतात. आता अनेक अँड्रॉइड कंपन्यांनी आपल्या थरात एक सोय दिलेली असते: तीन बोटं पडद्यावरून खाली ओढली की स्क्रीनशॉट. व्हॉट्सअॅपवर मीम पाठवणाऱ्याला ती फार आवडते. पण क्लॉ खेळणाऱ्याची तीन बोटं एकाच वेळी पडद्यावर असतात आणि त्यातली दोन-तीन सरकत असतात. सिस्टिमला वाटतं स्क्रीनशॉट हवाय. ती ते स्पर्श गेमपर्यंत जाऊच देत नाही, क्षणभर सगळं गोठतं, आणि तेवढ्यात समोरचा आपल्याला झोपवतो. नवा फोन घेतलेला मुलगा ‘टच खराब आहे’ म्हणून दुकानात भांडायला जातो. टच ठणठणीत असतो. सेटिंगमध्ये जाऊन तीन बोटांचा स्क्रीनशॉट बंद केला की काम झालं. काही कंपन्यांच्या गेम मोडमध्ये तो खेळताना आपोआप बंद होतो, काहींच्यात नाही.

आयफोनवाल्यांनी यावर हसू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये आयओएस १३ आलं तेव्हा ॲपलने लिहिलेलं खोडण्या-परत आणण्यासाठी तीन बोटांच्या खुणा दिल्या होत्या. पबजी मोबाइल आणि फोर्टनाइट खेळणाऱ्यांच्या पडद्यावर ऐन लढाईत तो संपादनाचा पट्टा उगवायला लागला. फरक पुढचा. ॲपलने आयओएस १३.१ मध्ये ते दुरुस्त केलं आणि दुरुस्ती सगळ्या आयफोनवाल्यांना मिळाली. पण ती येईपर्यंत कोणाच्याच हातात काही नव्हतं. अँड्रॉइडवर प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये ते बटण शोधायचं, पण ज्याला सापडलं त्याचा प्रश्न त्याच मिनिटाला सुटला. दोन्ही सिस्टिमचा स्वभाव इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

उन्हाळ्याकडे वळतो, कारण विदर्भात हा विषय टाळता येत नाही. ॲपल सांगते की आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. सॅमसंगसारख्या अँड्रॉइड कंपन्याही साधारण हीच मर्यादा देतात. अकोल्यात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलर नसलेल्या खोलीत दुपारी ३५ अंश हे स्वप्नच. फोन तापला की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. हे दोन्हीकडे होतं. पण आयफोन त्याशिवाय पडद्याचा उजेडही उतरवतो. ब्राइटनेसची पट्टी टोकाला लावलेली असते, ऑटो बंद असतं, तरी पडदा काळवंडतो आणि झाडाखाली पडून राहिलेला शत्रू दिसेनासा होतो. हे बंद करायची सोय नाही. चार्जिंगही थांबतं आणि फोन थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतं. बॅटरीच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, पण मॅच गेली ती गेलीच.

अँड्रॉइडमध्ये इथे फोनगणिक फरक. काही फोन गरम होऊनही उजेड ठेवतात, काही तोही उतरवतात. काही निवडक फोनमध्ये मात्र एक खरोखर उपयोगी सोय असते: चार्जर लावून खेळताना वीज बॅटरीत न जाता थेट फोन चालवायला वापरायची. त्याला बायपास चार्जिंग म्हणतात. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये ती गेम बूस्टरमध्ये Pause USB Power Delivery या नावाने असते. खेळतानाची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता यांची बेरीज होत नाही, बॅटरीही लवकर म्हातारी होत नाही. जो मुलगा चार्जर काढून खेळतच नाही, त्याच्यासाठी माझ्या मते ही सोय दहा हर्ट्झ जास्त असण्यापेक्षा मोलाची आहे.

आता दाराचा प्रश्न. गेम फोनमध्ये येतो कुठून? आयफोनमध्ये भारतात एकच रस्ता, ॲप स्टोअर. अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअर आहेच, शिवाय कंपनीच्या साइटवरून एपीके फाइल उतरवून घेता येते. हा फरक कागदावर लहान वाटतो. पण आपल्याकडच्या गेमरांनी तो अंगावर घेतला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी बीजीएमआय आला तो अँड्रॉइडवर २ जुलै २०२१ ला आणि आयफोनवर १८ ऑगस्टला. दीड महिना आयफोनवाले मित्रांच्या खांद्यावरून बघत बसले. जुलै २०२२ मध्ये तोही दोन्ही स्टोअरमधून गेला आणि थेट मे २०२३ मध्ये परतला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता त्यांचा काही काळ चालू राहिला. त्या काळात अँड्रॉइडवाल्यांमध्ये एपीके फाइली हातोहात फिरल्या. त्यातल्या काही ठीक होत्या, काहींमध्ये भलतंच काहीतरी भरलेलं होतं.

फोर्टनाइटची गोष्टही तशीच. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक कंपनीने गेममध्ये स्वतःची पैसे भरायची सोय घातली आणि ॲपल व गुगल दोघांनी तो त्याच दिवशी स्टोअरमधून काढला. अँड्रॉइडवर तो एपिकच्या साइटवरून घेता येत राहिला. अमेरिकेत आयफोनच्या ॲप स्टोअरवर तो परत आला मे २०२५ मध्ये, जवळपास पाच वर्षांनी.

मोकळ्या दारातून चोरही येतो, हे सांगायला नकोच. ‘अनलिमिटेड यूसी’ देणारी सुधारलेली एपीके म्हणजे बहुतेक वेळा खातं कायमचं बंद होण्याची किंवा पासवर्ड जाण्याची हमी. आठवी-नववीतल्या मुलाला पहिला फोन द्यायचा असेल आणि घरात लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर आयफोनचं बंद दार मला पटतं. मुलगा मोठा आणि समजदार असेल तर नाही.

जुन्या गेमांचे शौकीन असतील, कॅसेट घालून टीव्हीवर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेली पिढी, त्यांच्यासाठी एक ओळ जास्त. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे एम्युलेटर ॲपलने एप्रिल २०२४ पर्यंत स्टोअरमध्ये येऊच दिले नव्हते. आता डेल्टा, पीपीएसएसपीपी असे आहेत. पण गेमक्यूब आणि वी यांसारख्या जड यंत्रांसाठीचा डॉल्फिन नाही, कारण त्याला चालताना नवा कोड तयार करायची मुभा लागते आणि आयओएस ती देत नाही. अँड्रॉइडवर डॉल्फिन प्ले स्टोअरवरच मिळतो. अर्थात गेम स्वतः विकत घेतलेला असावा, ही जबाबदारी खेळणाऱ्याची.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगतो. पावलांचा आवाज ऐकून खेळायचं असेल तर वायरचे इअरफोन हवेत, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो, ३.५ मिमीचं भोक आयफोनमधून २०१६ मध्ये गेलं, स्वस्त अँड्रॉइडमध्ये अजून सापडतं. आयफोन १४ आणि त्याआधीच्यांना लायटनिंग लागतं, १५ पासून टाइप-सी. कुठल्याही आयफोनमध्ये मेमरी कार्ड बसत नाही, आणि अँड्रॉइडमध्ये बसलं तरी मोठे गेम त्यावर नीट चालत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे १२८ जीबीच्या खाली जाऊ नये. लॉबीत थांबलेलं असताना छोट्या तरंगत्या खिडकीत आईच्या मेसेजला उत्तर देणं अँड्रॉइडवर जमतं, आयफोनवर गेमच्या बाहेर यावं लागतं आणि जास्त वेळ गेला तर परत जोडणी करावी लागते.

अकोल्याचा माझा भाचा बारावीनंतर पहिला स्वतःचा फोन घेणार होता. बजेट तीस हजारांच्या आतबाहेर. तोवर तो वडिलांच्या फोनवर खेळायचा, चार बोटांनी, जायरो कायम चालू. त्याचं मन आयफोन १३ वर होतं, अर्थात वापरलेल्या. दुकानात गेल्यावर मी त्याला दोन जागा उघडायला लावल्या. पहिली Battery Health. तिथे कमाल क्षमता ८१ टक्के दिसली. आयफोन १४ आणि त्याआधीच्या बॅटऱ्या ५०० चार्जिंग चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवलेल्या असतात, असं ॲपलच सांगते. म्हणजे ही बॅटरी तिचं आयुष्य जगून झाली होती. बॅटरी थकली की जोराच्या क्षणी आयफोन चिपला आवर घालू शकतो, तेव्हा ज्या स्थिर ६० फ्रेमसाठी तो फोन घ्यायचा त्यावरच शंका. दुसरी जागा Settings > General > About. तिथे पडद्यासमोर Unknown Part लिहिलं होतं. पडदा बदललेला, तोही मूळ नसलेला. बदललेल्या पडद्याचा टच मूळच्याइतका चपळ असेलच असं नाही.

‘मामा, पण दिसतोय तर नवाकोरा,’ तो म्हणाला.

‘दिसतोय. पण तुला तो दाखवायचाय की त्यावर खेळायचंय?’

तो गप्प बसला, पण फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दुकानात दोन नवे अँड्रॉइड समोर आले. पहिला वीस हजारांच्या आतला, पडदा १२० हर्ट्झ. सेन्सरच्या यादीत जायरोपुढे virtual. तो तिथेच संपला. दुसरा अठ्ठावीसच्या आसपास, जायरो खरा. भाच्याच्या एका मित्राकडे नेमका तोच मॉडेल होता. त्याला फोन लावून बीजीएमआयच्या ग्राफिक्स पानाचा फोटो मागवला. Smooth वर ९० चा पर्याय खुला होता. जाहिरातीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा तो एक फोटो कामाचा. वाईट बाजूही विचारली. मित्र म्हणाला, दुपारी पाऊण तासानंतर ९० चे ७० होतात, मग तो ६० वर लावूनच खेळतो. ते आम्हाला चालण्यासारखं होतं. संध्याकाळी ९०, दुपारी ६०. शिवाय त्याच्या बहुतेक मित्रांकडे अँड्रॉइडच, तेव्हा अडलं नडलं तर सेटिंग दाखवणारं कोणीतरी होतं. हा मुद्दा कुठल्याच तक्त्यात नसतो, पण पहिल्या फोनला तो महत्त्वाचा.

हातात चाळीस-पन्नास हजार असते आणि नवा किंवा चांगल्या बॅटरीचा वापरलेला १३ प्रो किंवा त्यापुढचा प्रो मिळत असता, तर मी त्याला आयफोनच घे म्हटलं असतं. स्पर्धेत उतरायचा विचार असता तर नक्कीच. त्या बजेटमध्ये सारखेपणाही मिळतो आणि १२० हर्ट्झचा पडदाही. तीस हजारांत आयफोन म्हणजे बहुधा जुनी बॅटरी आणि ६० ची भिंत. वीसच्या खाली तर आयफोनचा विचारच नको, आणि अँड्रॉइडमध्येही जायरोची यादी उघडल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पहिल्या रात्री त्याचा फोन आलाच: ‘मामा, मध्येच टच मरतोय.’ तीन बोटांचा स्क्रीनशॉट. बंद केला, झालं.

एक काम मात्र खरेदीच्या दिवशीच करून टाकावं, कारण नंतर ते महागात पडतं. गेमचं खातं पाहुणा म्हणून किंवा फक्त प्ले गेम्सवर ठेवू नये. प्ले गेम्सची खूण आयफोनवर चालत नाही आणि ॲपलच्या गेम सेंटरची अँड्रॉइडवर. दोन वर्षांनी सिस्टिम बदलायची झाली तर कमावलेले स्किन आणि हुद्दा जुन्या बाजूला अडकून पडतात. दोन्हीकडे चालणाऱ्या एखाद्या खात्याशी, फेसबुक किंवा एक्ससारख्या, ते जोडून ठेवावं आणि त्या खात्याचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहावा. विकत घेतलेले गेम तरीही सोबत येत नाहीत. प्ले स्टोअरवर पैसे भरून घेतलेला माइनक्राफ्ट आयफोनवर पुन्हा विकत घ्यावा लागतो. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने माइनक्राफ्टची खरेदी पुढे ढकलली आणि बीजीएमआयचं खातं त्याच संध्याकाळी जोडून टाकलं.